ठिपका आणि पट्टी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी अंक काढणाऱ्या कुठल्याही कचेरीत डोकावलं, की एक तक्ता हमखास दिसतो. कधी तो भिंतीवर चिकटवलेला असतो, कधी एक्सेलच्या शीटमध्ये असतो. डावीकडे कामं लिहिलेली: लेख मागवणं, चित्रं, मांडणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिराती, छपाई, बांधणी. उजवीकडे प्रत्येकापुढे एक तारीख, म्हणजे त्या कामाची मुदत. ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून या व्यवसायाला शेवटच्या तारखेनंच बांधून ठेवलंय. दिवाळी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे कधी संपवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. कधी सुरू करायचं, हा रकाना मात्र बहुतेक तक्त्यांत नसतोच.

हा रकाना असला आणि नसला, तर त्याच कामांचं चित्र किती वेगळं दिसतं, हे एका उदाहरणातून पाहता येईल. समजा, पुण्यातला एक छोटा प्रकाशक 2026च्या दिवाळीला दोन अंक काढतोय. एक 240 पानांचा मोठा अंक, दुसरा 96 पानांचा मुलांचा. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि दसरा 20 ऑक्टोबरला. दसऱ्यानंतर लगेच अंक विक्रेत्यांकडे पोहोचायचे, तर छपाई आणि बांधणीला लागणारे दिवस सोडून मोठ्या अंकाचं मुद्रितशोधन 10 ऑक्टोबरला संपलं पाहिजे आणि बालअंकाचं 14 ऑक्टोबरला. मुद्रितशोधक एकच आहे. अनुभवी माणूस, दोन्ही अंकांची नजर त्यांचीच.

फक्त मुदती नोंदवल्या, तर संगणकातल्या कालपटावर दोन ठिपके उमटतात. एक 10 ऑक्टोबरवर, दुसरा 14 वर. मध्ये चार दिवसांचं अंतर. संपादक तक्त्याकडे बघतात, एक काम संपलं की दुसरं, असं मनात जुळवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. त्यांच्या नजरेचा यात काहीच दोष नाही, कारण ठिपक्याला लांबी नसते. त्यामागे एक दिवसाचं काम आहे की एक महिन्याचं, हे तो सांगूच शकत नाही.

आता त्याच कामांना सुरुवातीची तारीख देऊन पाहू. मोठ्या अंकाची दिवसाला 20 पानं वाचून होतात, म्हणजे 240 पानांना कामाचे 12 दिवस लागतात. रविवार आणि 2 ऑक्टोबरची सुट्टी वगळून 10 ऑक्टोबरपासून मागे मोजत गेलं, की सुरुवात 26 सप्टेंबरला करावी लागते, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी. बालअंकातल्या कविता, कोडी, चित्रांखालच्या ओळी यांना जास्त वेळ लागतो. तिथे दिवसाला 16 पानं धरली, तर 96 पानांचे 6 दिवस. 14 ऑक्टोबरपासून मागे मोजलं की सुरुवात 8 ऑक्टोबरला येते.

कालपटावर आता ठिपक्यांच्या जागी दोन पट्ट्या आहेत. पहिली 26 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, दुसरी 8 ते 14 ऑक्टोबर. 8, 9 आणि 10 ऑक्टोबर हे तीन दिवस दोन्ही पट्ट्या एकमेकींखाली येतात आणि दोन्हींवर नाव एकाच माणसाचं आहे. मघाशी जिथे चार दिवसांची मोकळीक दिसत होती, तिथे तीन दिवसांची टक्कर आहे. पहिलं काम संपवूनच दुसरं हाती घेतलं, तर बालअंक 12 ऑक्टोबरला सुरू होऊन 17 ला संपेल. मुदत चुकणार हे ऑगस्टमध्येच कळतं, तेही एक रकाना जास्त भरल्यामुळे.

साप्ताहिक अहवालातही हाच फरक पडतो, आणि तिथे तो सहसा लक्षात येत नाही. सोमवारी सकाळी बैठकीला बसताना बहुतेक जण ‘या आठवड्यात मुदत असलेली कामं’ अशी यादी काढतात. 28 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर या आठवड्याची अशी यादी काढली, तर मुद्रितशोधनाचं एकही काम त्यात येत नाही. दोन्हींच्या मुदती पुढे आहेत. यादीवरून वाटतं, मुद्रितशोधक मोकळे आहेत, एखादं जाहिरातीचं पत्रक त्यांच्याकडे देता येईल. वास्तवात ते आठवडाभर मान वर न करता मोठा अंक वाचताहेत. त्या आठवड्यात कोण कशात गुंतलंय हे हवं असेल, तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो: आठवडा संपण्याआधी सुरू झालेली आणि आठवडा सुरू होण्याआधी न संपणारी कामं कुठली? संगणकाच्या भाषेत ही अट अशी लिहितात:

```
start_date <= '2026-10-04' AND due_date >= '2026-09-28'
```

पहिल्या भागात सुरुवातीची तारीख लागते, दुसऱ्यात मुदत. दोन्हींपैकी एक रकाना रिकामा असेल, तर अट पुरी होत नाही आणि ते काम या यादीतून गुपचूप गळतं. म्हणूनच निम्म्या कामांना सुरुवातीची तारीख आणि निम्म्यांना नाही, असा तक्ता सर्वांत घातक. त्यातून निघालेला अहवाल भरलेला दिसतो, त्यामुळे काय निसटलंय ते कुणी शोधायला जात नाही. अशा वेळी सुरुवातीची तारीख नसलेल्या कामांची वेगळी यादी आधी काढावी आणि ती रिकामी होईपर्यंत कालपटाकडे बघू नये.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग प्रत्येक कामाला सुरुवातीची तारीख देऊन टाकावी म्हणजे झालं. पण खोटी सुरुवात ही नसलेल्या सुरुवातीपेक्षा जास्त फसवते, आणि ती बहुधा माणूस लिहीतच नाही, सॉफ्टवेअर लिहितं.

रेडमाइन हे याचं चांगलं उदाहरण. जाँ-फिलिप लाँग यांनी 2006 मध्ये आणलेली ही मुक्त प्रणाली कामांच्या नोंदी ठेवायला जगभर वापरली जाते. त्यात प्रत्येक नोंदीला सुरुवातीची तारीख आणि मुदत असे दोन रकाने असतात. प्रशासकाच्या सेटिंगमध्ये एक पर्याय असतो, `Use current date as start date for new issues`, आणि तो मुळातच चालू असतो. म्हणजे नोंद ज्या दिवशी लिहिली, तो दिवस आपोआप सुरुवातीच्या रकान्यात जाऊन बसतो. आज सांगितलं आणि आजच हाती घेतलं, अशा तक्रारनिवारणाच्या कामांना हे सोयीचं आहे. महिनोन्‌महिने आधी आखायच्या कामाला ते अजिबात चालत नाही.

आपल्या प्रकाशकानं 1 जुलैला बैठक घेतली आणि त्याच दुपारी सगळ्या कामांच्या नोंदी रेडमाइनमध्ये टाकल्या, असं समजा. मोठ्या अंकाच्या मुद्रितशोधनाला मुदत दिली 10 ऑक्टोबर. सुरुवातीच्या रकान्याकडे कुणी पाहिलं नाही, तिथे 1 जुलै आलं. आता कालपटावर या कामाची पट्टी 102 दिवसांची आहे. प्रत्यक्ष काम 12 दिवसांचं.

पट्टी लांब दिसते एवढ्यावर हे थांबत नाही. रेडमाइनच्या गँट चार्टमध्ये झालेला भाग हिरवा, राहिलेला करडा आणि मागे पडलेला लाल दिसतो. मागे पडलं की नाही हे ठरवताना प्रणाली सरळ हिशेब करते: सुरुवातीपासून मुदतीपर्यंतचे दिवस मोजायचे, त्यांपैकी किती उलटले ते पाहायचं आणि तेवढ्या प्रमाणात काम झालेलं असायला हवं असं धरायचं. 20 ऑगस्टला 102 पैकी बरोबर 51 दिवस झालेले असतात, म्हणजे हिशेबानं निम्मं मुद्रितशोधन व्हायला हवं. झालंय शून्य, कारण वाचायला मजकूरच अजून आलेला नाही. चार्टवर 1 जुलैपासून 20 ऑगस्टपर्यंत लाल पट्टी पसरते. जे काम सव्वा महिन्यानं सुरू व्हायचंय ते उशिरा चाललंय, असं चित्र उभं राहतं. त्याच दिवशी टाकलेल्या बाकीच्या नोंदींचंही तसंच होतं, आणि अख्खा चार्ट लाल होतो.

मग काय होतं, हे अशा कचेऱ्यांत काम केलेल्या कुणालाही विचारावं. पहिले दोन आठवडे लोक घाबरतात, मग लाल रंगाची सवय होते. खरोखर मागे पडलेलं काम, समजा मुखपृष्ठाचं चित्र, त्याच लाल गर्दीत उभं असतं आणि कुणाच्या डोळ्यांत येत नाही. शिवाय उपकामं एका मुख्य कामाखाली लावलेली असतील, तर मुख्य कामाची पट्टी सर्वांत लवकरच्या सुरुवातीपासून सर्वांत उशिराच्या मुदतीपर्यंत ताणली जाते. एका उपकामाची खोटी सुरुवात वरच्या सगळ्या अहवालाला खोटं पाडायला पुरेशी होते.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कालपटावर बऱ्याच पट्ट्या एकाच दिवशी सुरू होत असतील आणि तो दिवस बैठकीचा असेल, तर त्या सुरुवाती कुणी ठरवलेल्या नाहीत. सेटिंगमधला तो पर्याय बंद करायचा आणि जुन्या नोंदींत सुरुवातीची तारीख आणि नोंद तयार झाल्याची तारीख जुळते का, ते पाहायचं. जुळणाऱ्या तारखा कामाच्या माणसाला विचारून दुरुस्त कराव्यात, आणि जिथे माहीतच नाही तिथे रकाना रिकामा ठेवलेला बरा.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरणाऱ्यांची अडचण उलट्या बाजूनं येते. त्यात कामाचा कालावधी आणि आधी-नंतरचे संबंध सांगायचे, तारखा प्रणाली काढते. पण सवयीनं लोक तारखेच्या रकान्यातच टाइप करतात. आपोआप आखणीच्या पद्धतीत एखाद्या कामाला सुरुवातीची तारीख टाइप केली, की प्रणाली त्याला ‘या दिवसाआधी सुरू होणार नाही’ अशी अट लावते. शेवटची तारीख टाइप केली, की ‘या दिवसाआधी संपणार नाही’ अशी. टाइप करणाऱ्याच्या मनात असतं, की या दिवसापर्यंत संपलंच पाहिजे. प्रणाली लिहून घेते, की याआधी संपता कामा नये. बालअंकाची मांडणी दोन दिवस लवकर आटोपली, तरी मुद्रितशोधनाची पट्टी जागची हलत नाही, आणि वाचलेले दोन दिवस अहवालात कुठे दिसतच नाहीत. मुदतीसाठी तिथे `Deadline` नावाचा वेगळा रकाना आहे. त्यातली तारीख पट्टीला हात लावत नाही. चार्टवर फक्त एक हिरवा बाण उमटतो, आणि काम त्यापलीकडे गेलं की शेजारी लाल खूण येते. पट्टी काम कसं जाईल ते सांगते, बाण शब्द काय दिला होता ते. दोन्ही वेगळे ठेवले, म्हणजेच त्यांच्यातलं अंतर मोजता येतं.

पट्ट्यांची ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी 1896च्या सुमारास कारखान्यातली कामं अशी कालरेषेवर मांडली होती. अमेरिकेतल्या हेन्री गँट यांचे तक्ते पहिल्या महायुद्धात तिथल्या लष्करी उत्पादनासाठी वापरले गेले, आणि नाव त्यांचंच रूढ झालं. पण उदाहरणातल्या प्रकाशकाला खरा उपयोग होतो तो 1950च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एका पद्धतीचा. ड्यू पाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रसायन कारखान्यांच्या कामांसाठी ती बसवली. प्रत्येक कामाच्या सुरुवातीच्या दोन तारखा काढायच्या: लवकरात लवकर कधी सुरू करता येईल आणि उशिरात उशिरा कधी सुरू केलं तरी चालेल. पहिली तारीख आधीच्या कामावरून पुढे मोजत येते, दुसरी मुदतीवरून मागे मोजत. दोन्हींमध्ये जे दिवस उरतात, ती त्या कामाची सवड.

मोठ्या अंकाची मांडणी 19 सप्टेंबरला पुरी होणार आहे, असं धरू. म्हणजे मुद्रितशोधन 21 ला सुरू होऊ शकतं, आणि उशिरात उशिरा 26 ला व्हायला हवं. अनंत चतुर्दशीचा 25 तारखेचा दिवस सोडला, तर सवड चार दिवसांची. ठिपक्यांच्या तक्त्यात ही सवड कुठेच दिसत नव्हती, त्यामुळे ती खर्च होतेय हेही दिसलं नसतं.

आता ऑक्टोबरमधल्या त्या तीन दिवसांच्या टकरीवर तोडगा काढता येतो. बालअंक आधी वाचायचा. 18, 19, 21, 22, 23 आणि 24 सप्टेंबर असे सहा दिवस धरले, 25 ला विसर्जनाची सुट्टी, 26 ला मोठा अंक हाती. पट्ट्या एकमेकींपासून सुटतात. मोठ्या अंकाची चार दिवसांची सवड यात पूर्ण संपते, हे मान्य करूनच हा निर्णय घ्यावा लागतो. आणि गोष्ट इथेच संपत नाही, कारण बालअंकाची पट्टी एकटी सरकत नाही. त्याच्या मांडणीला पाच दिवस लागतात. मूळ बेतात मांडणी 1 ऑक्टोबरला सुरू होणार होती, म्हणजे चित्रं 30 सप्टेंबरपर्यंत मिळाली तरी चाललं असतं. नव्या बेतात मांडणी 17 सप्टेंबरला संपली पाहिजे. गणेश चतुर्थीची 14 तारीख आणि आदला रविवार वगळून मागे मोजलं, की ती 11 सप्टेंबरला सुरू व्हायला हवी, आणि चित्रकारानं चित्रं 10 सप्टेंबरला द्यायला हवीत. मुद्रितशोधकाच्या तीन दिवसांच्या अडचणीतून चित्रकाराची तारीख वीस दिवस अलीकडे आली.

चित्रकाराला हे ऑगस्टच्या आरंभी सांगितलं, तर त्याच्या हातात महिन्याहून अधिक वेळ आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं, तर तो हात वर करेल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. बालअंकाची मुदत या सगळ्यात एकदाही बदललेली नाही. ती 14 ऑक्टोबरच आहे. ज्या अहवालात फक्त मुदती आहेत, त्यात काल आणि आज यांत तसूभरही फरक पडलेला नाही.

मुदतींच्या अहवालात आणखी एक कच्चा दुवा असतो. काम लांबलं, की कुणीतरी मुदत पुढे ढकलतं, आणि ‘मुदत उलटलेली कामं’ ही यादी त्याच क्षणी स्वच्छ होते. 30 सप्टेंबरचं काम 6 ऑक्टोबरचं झालं, पुन्हा 12 चं झालं, तरी यादीच्या मते ते वेळेवरच चाललंय. प्रत्येक वेळी ढकलण्याला कारण असतं आणि ते बहुधा खरंही असतं, पण तीन वेळा ढकललेलं काम आणि एकदाही न ढकललेलं काम अहवालात सारखं दिसू लागतं. म्हणून बेत ठरला, की मूळ तारखांची एक प्रत जपून ठेवतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तिला `Baseline` म्हणतात. रेडमाइनमध्ये प्रत्येक नोंदीखाली बदलांचा इतिहास राहतो, तो उघडून बघावा लागतो. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यानं ‘मूळ मुदत’ असा एक जादा रकाना केला आणि त्याला कधीही हात लावला नाही, तरी पुरतं. सुरुवातीच्या बाबतीतही ठरलेली आणि खरी अशा दोन तारखा निरनिराळ्या लिहाव्या लागतात. एकीवर दुसरी लिहिली, की काम उशिरा सुरू झालं म्हणून लांबलं की हळू चाललं म्हणून, हे नंतर सांगता येत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आता 29 सप्टेंबरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. मोठ्या अंकाचं मुद्रितशोधन 26 ला, ठरल्या दिवशी सुरू झालं. 26, 28 आणि 29 असे कामाचे तीन दिवस झाले. हिशेबानं 60 पानं वाचून व्हायला हवी होती, झालीत 45. लेखकांनी आयत्या वेळी मजकुरात बदल केले, त्यामुळे तीच पानं पुन्हा वाचावी लागली. दिवसाला 15 पानांचा वेग राहिला, तर 240 पानांना 12 ऐवजी 16 दिवस लागतील आणि काम 10 ऑक्टोबरऐवजी 15 ला संपेल. फक्त मुदत असलेल्या तक्त्याला हे कळतं 10 ऑक्टोबरच्या रात्री. सुरुवातीची खरी तारीख आणि तीन दिवसांत झालेली पानं हाती असलेल्या संपादकांना ते आज कळलंय, अकरा दिवस आधी. उरलेल्या 195 पानांपैकी चार फर्मे, म्हणजे 64 पानं, दुसऱ्या वाचकाकडे द्यायची का, हे विचारायला ते फोन उचलतात.